सहा आठवडे ताटाविना

मुलाला क्रोन्सचा आजार आहे असं कळतं, घरचे औषधांच्या चिठ्ठीची वाट बघतात, आणि डॉक्टर मात्र फॉर्म्युलाच्या डब्याचं नाव लिहून देतात. सहा ते आठ आठवडे फक्त हा फॉर्म्युला आणि पाणी, बाकी काही नाही. भात नाही, पोळी नाही, फळाची फोड नाही. यावर आजी काय म्हणते ते प्रत्येक घरात जवळजवळ सारखंच असतं: "पोर आधीच वाळून गेलंय, आणि आता त्याचं जेवणही बंद?" आजीचा प्रश्न मला कधीच चुकीचा वाटला नाही. म्हणून आज त्याच प्रश्नाबद्दल तुमच्याशी बोलते. मुलांच्या पोटाच्या विकारांच्या विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना माझा सगळ्यात जास्त वेळ याच्यावर जातो.

पहिली गोष्ट, जेवण बंद होतं, पोषण बंद होत नाही. या फॉर्म्युलात प्रथिनं, चरबी, साखर, जीवनसत्त्वं, क्षार असं सगळं मोजून घातलेलं असतं. त्यावर एखादं मूल महिनोन् महिने राहू शकतं. बोर्नव्हिटा, हॉर्लिक्स किंवा जिममध्ये मिळणारी प्रोटीन पावडर यांचं तसं नाही. ती दुधात घालून जेवणासोबत घ्यायची पूरकं आहेत, एकटी पुरणारी नाहीत. दुकानदार "हे पण चालेल, तेवढंच आहे" म्हणाला तरी डब्याचं नाव बदलू नका.

दुसरी गोष्ट, हा आहार म्हणजे औषधाला टेकू नव्हे, हेच औषध आहे. क्रोन्समध्ये आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात. ती सूज उतरवायला स्टिरॉइडही चालतं, आणि लवकर चालतं. पण स्टिरॉइडवर मुलाचा चेहरा सुजतो, मनःस्थिती बिघडते, हाडं विरळ होतात, आणि उंची अडते. क्रोन्समुळे आधीच मागे पडलेल्या उंचीला हा दुसरा फटका. शिवाय स्टिरॉइडनं पोट दुखायचं थांबलं तरी आतलं अस्तर बरं झालेलं असेलच असं नाही. इटलीतल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३७ मुलांना दहा आठवडे यातला एक किंवा दुसरा उपचार दिला आणि नंतर दुर्बिणीतून पाहिलं. आतलं अस्तर भरून आलेलं फॉर्म्युलाच्या गटात ७४ टक्के मुलांमध्ये दिसलं, स्टिरॉइडच्या गटात ३३ टक्के मुलांमध्ये. मुलं थोडी होती, तरी दिशा स्पष्ट आहे. म्हणूनच युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, आतड्याच्या आतपर्यंतच मर्यादित असलेल्या क्रोन्ससाठी मुलांना हाच उपचार आधी सुचवला आहे.

आपल्याकडे याचा आणखी एक फायदा आहे. लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथला क्षयरोग आणि क्रोन्स यांत फरक करणं भारतात अवघड जातं, आणि चुकून क्षयाच्या मुलाला स्टिरॉइड दिलं तर क्षय पसरू शकतो. फॉर्म्युला प्रतिकारशक्ती दाबत नाही. तपासण्या तरीही पूर्ण व्हायलाच हव्यात.

मर्यादाही इथेच सांगते. मोठ्या आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस हा याच कुळातला आजार, पण त्यावर हा उपचार चालत नाही. गुदद्वाराजवळ फिस्टुला असेल, किंवा आतड्यात खोल व्रण असतील, तर नुसत्या फॉर्म्युलावर न राहता डॉक्टर बायोलॉजिक इंजेक्शनांचा विचार आधी करतात. शेजारच्या मुलीला दिलं आणि आपल्याला नाही, याचं कारण बहुतेकदा हे असतं.

आता मूळ मुद्द्यावर येते: "फक्त" का? अर्धं पोट फॉर्म्युलानं भरलं आणि अर्धं घरच्या वरणभातानं, तर काय बिघडलं? हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. ब्रिटनमध्ये ५० मुलांचे दोन गट केले. एकाला सगळी ऊर्जा फॉर्म्युलातून, दुसऱ्याला निम्मी फॉर्म्युलातून आणि निम्मी नेहमीच्या जेवणातून. सहा आठवड्यांनी पूर्ण फॉर्म्युलावरच्या ४२ टक्के मुलांचा आजार शांत झाला, निम्म्यावरच्या १५ टक्क्यांचा. इतर पाहण्यांत यश बरंच जास्त, दहापैकी सात-आठ मुलांपर्यंत दिसतं, त्यामुळे इथे एकूण आकड्यापेक्षा दोन गटांतली तफावत पाहा. पोषण दोन्ही गटांना मिळालं, पण आजार शमला तो मुख्यतः एकाच गटात.

याचा अर्थ, फॉर्म्युलात काय आहे यापेक्षा ताटातून काय गेलं हे मोठं असावं. आणि २०१९ साली इस्रायल व कॅनडातल्या केंद्रांनी ही शंका आणखी पक्की केली. त्यांनी निम्मा फॉर्म्युला दिला, पण उरलेलं निम्मं जेवण वाटेल तसं नाही, तर ठरावीक ठेवलं: कोंबडीचं मांस, अंडी, बटाटे, केळी, सफरचंद असं थोडंच, गहू, दूध आणि कारखान्यात तयार झालेले पदार्थ बाद. सहा आठवड्यांना या गटातले ७५ टक्के, आणि फक्त फॉर्म्युलावरचे ५९ टक्के शांत होते. हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतकाच होता. मात्र झेपण्यात खरा फरक पडला: केवळ फॉर्म्युला साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांना जमला नाही, मिश्र आहार जवळजवळ सगळ्यांना जमला. म्हणून तुमच्या मुलाला सहा आठवडे अजिबात झेपणार नसेल तर हा मार्ग डॉक्टरांना जरूर विचारा. शाकाहारी घराला तो कठीण जातो, कारण कोंबडी आणि अंडी त्याचा कणा आहेत. आपल्या मनानं "थोडं हलकं खाऊ दे" म्हणणं म्हणजे मात्र हा मार्ग नव्हे, तो त्या १५ टक्क्यांचा रस्ता आहे.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते एका मुलीवरून सांगते. समजा, बारा वर्षांची, वजन २८ किलो, पोटदुखी आणि जुलाब, तपासणीत सीआरपी ४८, अल्ब्युमिन २.८, शौचातलं कॅलप्रोटेक्टिन १९००. तिला वाढीसकट दिवसाला सुमारे २००० कॅलरी हव्यात असं ठरलं. सांगितल्याप्रमाणे पाण्यात कालवलेल्या फॉर्म्युलाच्या एका मिलिलिटरमध्ये एक कॅलरी, म्हणजे दोन लिटर, म्हणजे अडीचशे मिलिलिटरचे आठ पेले. पहिल्या दिवशी एक लिटर, दुसऱ्या दिवशी दीड, तिसऱ्या दिवशी पूर्ण दोन. खूपच कुपोषित मूल असेल तर एवढ्या वेगानं जात नाहीत. अचानक भरपूर अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायकपणे खाली येऊ शकतं, म्हणून त्यांना रुग्णालयात ठेवून, रक्त तपासत हळूहळू वाढवतात.

बाजारातली पावडर शंभर ग्रॅमला साधारण साडेचारशे कॅलरी देते, म्हणजे रोज जवळजवळ ४४५ ग्रॅम. चारशे ग्रॅमचा डबा एक दिवसही पुरत नाही. सहा आठवड्यांना सत्तेचाळीसेक डबे लागतील. हा हिशेब पहिल्याच भेटीत मांडा, विमा काही देतो का ते विचारा, आणि एका आठवड्याचा साठा आधी घरात आणा. चौथ्या दिवशी दुकानात डबा नाही म्हणून पोहे देणं, हे मी पाहिलेलं अपयशाचं फार साधं कारण आहे. पावडर मोजताना "जरा पातळ करू, प्यायला सोपं" असंही करू नका, पाणी वाढलं की त्याच पेल्यात ऊर्जा कमी जाते.

सगळ्यात कठीण पहिला आठवडा, त्यातही तिसरा ते सातवा दिवस. थंड करून, झाकणाच्या पेल्यात, स्ट्रॉनं, पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू पिऊ द्या. घाईनं घोटलं की उलटी होते. चव रोज बदलायची असेल तर फॉर्म्युलात काय घालता येईल ते आम्हाला विचारा. तरीही रोजचं प्रमाण गाठत नसेल तर नाकातून बारीक नळी घालून रात्रभर फॉर्म्युला सोडता येतो. आईबाप नळीला हरल्यासारखं मानतात. माझ्या मते चमच्याचमच्याला होणाऱ्या भांडणापेक्षा ती बरी. पुष्कळ मुलं तीन-चार दिवसांत तिला सरावतात. बद्धकोष्ठ किंवा सैल शौच, दोन्ही होऊ शकतं, आणि हिरवट रंग दिसला तर घाबरू नका.

सणाच्या दिवसाचं मात्र आधी ठरवा. मुलांना भूक सहन होते, पण सगळ्यांसमोर एकटं पडणं सहन होत नाही. शाळेत दोन पेले प्यावे लागतील, त्याचं पत्र शिक्षकांना द्या. गणपतीचा मोदक, वाढदिवसाचा केक, शेजारीण हातावर ठेवेल तो प्रसाद, यांना नाही कोण म्हणणार, हे मोठ्यांनी वाटून घ्यायचं. मुलाला पहारेकरी करू नका. आणि त्यानं लपून बिस्किट खाल्लंच, तर उपचार संपला असं होत नाही, पण आम्हाला सांगा. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात आकडे उतरले नाहीत तर कारण औषधात शोधत बसू.

आमच्या उदाहरणातल्या मुलीची पोटदुखी दुसऱ्या आठवड्यात उतरली असती, तिसऱ्या आठवड्यात सीआरपी नऊवर, वजन सव्वा किलोनं वर. आठव्या आठवड्याला अल्ब्युमिन ३.७, कॅलप्रोटेक्टिन ३५० च्या आसपास, वजन एकतीस किलो. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन रक्तातल्या सीआरपीपेक्षा सावकाश उतरतं, त्यामुळे एका आकड्यावरून निकाल लावू नका. पण दोन-तीन आठवड्यांत मूल जराही सुधारत नसेल, तर पुढचे पाच आठवडे रेटायचे नसतात, मार्ग बदलायचा असतो. पोट फुगलं, हिरव्या उलट्या झाल्या, गॅसही जात नसेल किंवा जोराचा ताप आला, तर वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात या.

जेवण परत आणताना एकदम ताट वाढत नाही. दर दोन-तीन दिवसांनी फॉर्म्युलाचे एक-दोन पेले कमी करून त्या जागी एक जेवण, असं दोन-तीन आठवड्यांत. पण त्याआधी एक गोष्ट ठरलेली हवी: आजार शांत ठेवणारं औषध. फॉर्म्युला सूज उतरवतो, परत येऊ न देण्याचं काम दुसऱ्या औषधाचं असतं. अझाथायोप्रिनला पूर्ण परिणाम दाखवायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून ते बहुतेकदा फॉर्म्युलाच्या सुरुवातीलाच चालू करतात. मुलीला बरं वाटतंय, आता गोळ्या कशाला, असं वाटून ते बंद केलं तर आजार काही महिन्यांत उलटण्याची शक्यता मोठी. उलटलाच तर फॉर्म्युला पुन्हा देता येतो, पण दुसऱ्या वेळी मुलं त्याला तितकी राजी नसतात.