वासरांत लंगडी गाय

माझ्या संगणकावर अजून एक फोल्डर आहे. त्यात एकाच हॉलची चोवीस चित्रं आहेत. त्यातलं सतरा नंबरचं चित्र मी निवडलं आणि त्या निवडीपायी कामाचा शेवटचा हप्ता सोडून दिला.

हॉल कोथरूडमधल्या एका जुन्या फ्लॅटचा. अकरा बाय अठरा फूट, मधोमध पंधरा इंच खाली उतरलेली बीम, आणि उत्तरेच्या अकरा फुटी भिंतीत सहा फुटांची एकच खिडकी. घरमालक काका-काकू नुकतेच सांगलीहून आलेले. मी स्केचअपमध्ये मॉडेल केलं, एका कोनातून त्याचं साधं पांढरं चित्र काढलं आणि ते स्टेबल डिफ्यूजनला दिलं. कडा जागेवर राहाव्यात म्हणून कंट्रोलनेट लावलं होतं, पण चित्रं निर्जीव येतात म्हणून त्याचा जोर कमी केला आणि `Denoising strength` ०.६ वर नेली. हा आकडा जितका मोठा, तितकं यंत्र मूळ चित्र पुसून स्वतःच्या मनाचं रंगवतं. हे मला ठाऊक होतं. तरी नेली, कारण चित्रं सुंदर येत होती.

सतरा नंबरात खिडकीतून सोनेरी ऊन आत आलं होतं, कोट्याच्या फरशीवर तिरकं पसरलं होतं. काकू बघता क्षणी म्हणाल्या, “इथं मी खुर्ची टाकणार.” काका म्हणाले, “झालं, हेच करा.”

काम मॉडेलच्या मापांनी झालं, त्यामुळे बांधकामात चूक नव्हती. पहिली शंका आली ती कॉन्ट्रॅक्टरला. चित्राची प्रिंट हातात धरून तो वर बघत म्हणाला, “मॅडम, ह्यात बीम कुठाय?” नव्हतीच. यंत्रानं सगळं छत सपाट करून टाकलं होतं, आणि आम्ही तिघांनीही ते पाहिलं नव्हतं. छत एवढं छान दिसतंय म्हणून काकांनी फॉल्स सीलिंग नको म्हटलं होतं. घर ताब्यात दिलं तो डिसेंबर होता. काकूंनी खुर्ची खिडकीशी ठेवली आणि विचारलं, “ऊन कधी येतं गं इथं?”

पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो, उत्तरेच्या खिडकीत ऊन येतच नाही. उन्हाळ्यात, जूनच्या आसपास, तो दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो, पण इतक्या उंचावर असतो की छज्जा त्याला आत येऊ देत नाही. सकाळ-संध्याकाळी थोडी तिरीप भिंतीला घासून जाते, तेवढीच. हे सगळं मी कॉलेजात शिकले होते. चित्र बघताना मात्र ते आठवलं नाही.

मग चित्रं तपासायला मी गुणपत्रक केलं. खरी सांगायची गोष्ट इथून पुढे आहे, कारण पहिलं गुणपत्रकही फसलं.

चार रकाने केले: भूमिती, साहित्य, प्रकाश आणि खरेपणा. प्रत्येकाला पाच गुण, एकूण वीस. जुन्या चोवीस चित्रांवर ते चालवून पाहिलं. सतरा नंबराला भूमितीत दोन, साहित्यात चार, प्रकाशात पाच, खरेपणात पाच मिळाले, बेरीज सोळा. नऊ नंबर म्हणून एक फिकट, पावसाळी उजेडाचं चित्र होतं. त्याला भूमितीत पाच, साहित्यात चार, प्रकाशात तीन, खरेपणात तीन, बेरीज पंधरा. म्हणजे सगळं कळून चुकल्यावरही, कागद-पेन्सिल घेऊन, मी पुन्हा सतरा नंबरच निवडला असता!

चूक बेरजेत होती. नाहीशी झालेली बीम चांगल्या उन्हानं भरून निघत नाही. म्हणून भूमितीला आता मी गुण देत नाही. ती चाळणी आहे, चित्र पार तरी होतं किंवा बाद तरी. आणि पार झालं की नाही हे डोळ्यानं ठरवत नाही. मॉडेलचं रेषाचित्र फोटोशॉपमध्ये वर ठेवायचं, पारदर्शकता निम्मी करायची आणि ठरलेले आठ बिंदू बघायचे: खिडकीचे चार कोपरे, बीमच्या खालच्या कडेची दोन टोकं, आणि भिंत-जमीन मिळते त्या रेषेची दोन टोकं. माझी चित्रं १०२४ पिक्सेल रुंद असतात, त्यात दहा पिक्सेलपर्यंतची चूक मी सोडून देते. या हॉलच्या चित्रात सहा फुटांची, म्हणजे बहात्तर इंचांची, खिडकी तीनशे पिक्सेलची होती, म्हणजे एक पिक्सेल साधारण पाव इंचाचा. दहा पिक्सेल म्हणजे अडीच इंचाच्या आत. सतरा नंबरात तीच खिडकी चारशे पाच पिक्सेल भरली. हिशेब करा: सत्त्याण्णव इंच. सहाची खिडकी आठ फुटांची झाली होती आणि मी तिला ‘हॉल किती मोकळा वाटतो’ म्हणत होते. हा हिशेब समोरच्या, कॅमेऱ्याला काटकोनात असलेल्या भिंतीवरच चालतो. बाजूच्या भिंती आकसत जातात, तिथं फक्त रेषेवर रेषा बसते का बघायचं.

चोवीसपैकी चाळणीतून चार पार झाली. वीस बाद. हे पाहून मला घाम फुटला, कारण त्या विसांपैकी निदान सहा मी काका-काकूंना कौतुकानं दाखवली होती.

साहित्याच्या रकान्यात ‘लाकूड छान दिसतं’ असं लिहायचं नाही, मोजायचं. आमची कोटा दोन बाय दोन फुटांची होती. अकरा फूट रुंदीत साडेपाच फरशा बसतात, मग ओळ पुढची असो वा मागची. चौदा नंबरच्या चित्रात पुढच्या ओळीत पाच होत्या आणि मागच्या ओळीत आठ. दुरून बघताना ते कळतही नाही, सांधे बारीक होत जातात म्हणून उलट खोली खोल वाटते. सागाच्या व्हिनिअरचं तेच. कपाटाच्या दाराला रेषा उभ्या धरल्या असतील तर सगळ्या दारांना उभ्या हव्यात. यंत्र तिसऱ्या दारापाशी त्या आडव्या करतं. आणि घोटून चमकवलेल्या फरशीत समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब दिसायला हवं. खिडकी एकीकडे आणि चकाकी दुसरीकडे असेल तर दोन गुण कापायचे.

प्रकाशाचे पाच गुण मी फोडले. तीन गुण खरा आहे का याला, दोन गुण देखणा आहे का याला. खरा आहे का हे बघताना आधी खिडकीची दिशा आणि महिना कागदावर लिहायचा, मग चित्र उघडायचं. क्रम उलटा केला की आपण चित्राला सोयीचा महिना शोधतो. मग दोन वस्तूंच्या सावल्या बघायच्या. बारा नंबरात खुर्चीची सावली डावीकडे होती, कुंडीची उजवीकडे, आणि खिडकी एकच. या पद्धतीनं सतरा नंबराचे प्रकाशातले पाच गुण दोनवर आले.

खरेपणा हा सगळ्यात फसवा रकाना. ‘फोटो वाटतो’ आणि ‘आपल्याकडचं घर वाटतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोवीसपैकी एकाही चित्रात पंखा नव्हता. मे महिन्यात पुण्यात त्या हॉलमध्ये बसून दाखवा! स्विचबोर्ड नव्हते, खिडकीला ग्रिल नव्हती, एसीचा पाइप कुठून जातो हे देवाला ठाऊक. पण इथं मी सौम्य आहे. जे राहून गेलंय ते नंतर हातानं घालता येतं, त्याचे गुण थोडेच कापते. जे होऊच शकत नाही, उदाहरणार्थ खालून काही आधार नसलेलं बारा फुटी शेल्फ, त्याचे सगळे कापते.

गुण देण्याची रीत माझ्या आईची आहे. ती शाळेत शिक्षिका होती. पेपर तपासताना आधी सगळ्या मुलांचा पहिला प्रश्न तपासायची, मग सगळ्यांचा दुसरा. एकच पेपर सलग तपासला की पहिल्या सुंदर उत्तराचं अक्षर चौथ्या प्रश्नापर्यंत डोळ्यांत राहतं, असं तिचं म्हणणं. चित्रांचंही तसंच होतं. ऊन आवडलं की फरशीलाही चार गुण जातात. म्हणून एक रकाना सगळ्या चित्रांचा पुरा करायचा, मग पुढचा. साहित्य तपासताना मी चित्र कृष्णधवल करून बघते; रंग गेला की सांधे आणि रेषा उघड्या पडतात. रंगाची छटा मात्र त्यात कळत नाही, ती शेवटी एकदा खऱ्या नमुन्याच्या तुकड्याशी लावून बघावी लागते. जमलं तर दुसऱ्या कुणाला वेगळे गुण द्यायला लावावेत, आपले न दाखवता. माझी सहायक आणि मी एखाद्या रकान्यात दोन गुणांहून जास्त वेगळ्या निघालो, तर बहुतेक वेळा एकीनं काहीतरी पाहिलेलंच नसतं.

अजून एक मोह आहे: चोवीसांत नाही मिळालं तर साठ काढू. काढून पाहिली. सेटिंग तेच ठेवलं तर देखणी-पण-खोटी चित्रंही त्याच मानानं वाढतात, आणि चाळिसाव्या चित्रापर्यंत तपासणाऱ्याचे डोळे थकलेले असतात. एकही पार झालं नाही तर `Denoising strength` ०.४ वर आणा, कंट्रोलनेटचा जोर वाढवा आणि पुन्हा बाराच काढा. ती थोडी रुक्ष येतील. पण खिडकी जागेवर असेल. सगळी बाद झाली असताना त्यातलं ‘बरं’ उचलणं म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी ठरवणं, आणि गिऱ्हाइकाला ती लंगडी आहे हे माहीत नसतं.

काकूंची खुर्ची आता बेडरूमच्या पूर्वेच्या खिडकीशी आहे. हॉलमध्ये बीम झाकायला फॉल्स सीलिंग केलं, माझ्या पैशांनी.

गुणपत्रक आता एका कागदावर मावतं. सगळ्यात खाली एक चौकोन छापून घेतला आहे: ‘यातलं एकही नको’. गेल्या तीन कामांत त्यावर दोनदा खूण झाली.