उरलेल्या पावाचे काय करावे?

प्रश्न : आमच्या छोट्या बेकरीत रोज पाव उरतात. फ्रिजमध्ये ठेवूनही ते सकाळी कडक होतात. काय करावे?

उत्तर : पाव फ्रिजमध्ये ठेवूच नका. त्या थंडाव्यात पावातला स्टार्च अधिक लवकर घट्ट होतो, म्हणून पाव बाहेरच्यापेक्षा तिथे आधी कडक होतो. उरलेले पाव त्याच रात्री कापून भट्टीच्या मंद आचेवर टोस्टसारखे वाळवा. तुकडा मोडून पाहा. मध्ये लवचीक लागला तर ओल आहे, डब्यात बुरशी येणारच. तुटलेल्या टोस्टचा चुरा कटलेटसाठी खपतो. बुरशी दिसलेला पाव मात्र फेकाच. भाजल्याने तिचे विष जात नाही. कोणत्या वारी किती उरतात ते लिहून ठेवा आणि त्या वारी पीठच कमी मळा.