बाय, भाडं घेण्याआधी वाडी विचार

अगो बाय, गाडी आली, पेढे मिळाले. कुडाळ स्टेशनवरून मुंबईकरांना आणणं-सोडणं करणार म्हणतेस, तर मी पंचवीस वर्षं हेच केलं, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट पाटीची. पांढऱ्या पाटीवर भाडं मारू नकोस. आधी टुरिस्ट पासिंग करून पिवळी पाटी लाव, परमिट काढ, विमाही त्याच प्रकारचा घे. परमिटशिवाय भाड्याने गाडी चालवली तर पहिल्यांदाच 10,000 रुपये दंड आणि शिक्षेचीही तरतूद आहे. पण मला दंडाची भीती कमी वाटते. खाजगी विम्यात भाड्याचा वापर बसत नाही. भाडं घेऊन जाताना अपघात झाला तर कंपनी हात वर करते आणि मागे बसलेल्यांची भरपाई तुझ्या घरावर येते. पासिंग, परमिट आणि विमा झाला की मगच फोन घ्यायला लाग.

फोन आला की लोक गावाचं नाव सांगतात आणि आपण लगेच दर सांगून मोकळे होतो. इथेच माझी मोठी चूक झाली होती. एका कुटुंबाने सांगितलं, "देवबागला सोडा, खाडीच्या तोंडाशी आहे." मालवण, तारकर्ली करत देवबागच्या टोकाला नेलं. त्यांनी घरमालकाला फोन लावला, तर तो समोरच्या किनाऱ्यावर उभा राहून हात हलवत होता. त्यांचं घर भोगव्याला होतं. मधे कर्ली नदीचं मुख, होडीने पाच मिनिटं, पण गाडीला मागे येऊन नेरूरपारच्या पुलावरून परुळ्याकडे जावं लागतं, चाळीसेक किलोमीटरचा तरी वळसा. मागच्या सीटवरच्या आजी उन्हाने आणि वळणांनी कासावीस झाल्या होत्या. दोनदा थांबून त्यांना लिंबू-पाणी दिलं. जादा पैसे मागायला तोंड उघडेना.

तेव्हापासून तालुका, गाव, वाडी आणि जवळचं देऊळ किंवा शाळा एवढं विचारल्याशिवाय मी दर सांगत नाही. भोगवे वेंगुर्ला तालुक्यात, देवबाग मालवण तालुक्यात. तालुका विचारला असता तरी तो दिवस वाचला असता. घरमालकाचा नंबर घेऊन त्यालाही विचारायचं, "अंगणापर्यंत गाडी येते का?" पाखाडी असेल तर सामान किती आणि चालायला कोणाला त्रास आहे, हे तिथेच कळतं. मोबाईलचा नकाशा होडीची वाट आणि पाखाडीसुद्धा रस्ता म्हणून दाखवतो. तुला वाटा ठाऊक आहेत, त्याचा उपयोग हा.

आता दर. कुडाळ ते देवबाग साधारण 40 किलोमीटर धर. गिऱ्हाईक 40 चे पैसे मोजतं, तुझी गाडी मात्र 80 चालते, कारण परत येताना ती रिकामी असते. लिटरला 18 चा ॲव्हरेज आणि 90 रुपये डिझेल धरलं तर 400 रुपये तिथेच गेले. टायर, सर्व्हिसिंग, विमा, परमिट यांसाठी किलोमीटरला 4 रुपये बाजूला काढ, म्हणजे 320. झाले 720, आणि यात तुझी मजुरी नाही. वाट पाहणं धरून चार तास जातात, गाडीचा हप्ता वेगळा. शेजारचा 1,000 त जातो म्हणून तू जाऊ नकोस, 1,500 सांग. परतीचं भाडं त्याच बाजूला मिळालं तर दोघांनाही कमी करता येतं. म्हणून एखाद्याला सोडताना दारातच विचार, "परत कधी जाताय?" मी निम्मी भाडी अशीच मिळवली.

राहिली गाडीची, म्हणजे रेल्वेची, वेळ. तिकिटावरच्या वेळेला स्टेशनवर जाऊन बसू नकोस. वीरच्या पुढे एकच रूळ आहे, एकदा उशीर झाला की क्रॉसिंगला थांबत थांबत तो वाढतच जातो. रत्नागिरीला अर्धा तास उशीर असेल तर कुडाळला तेवढाच राहील असं समजू नये. वैभववाडी सोडल्याचं दिसलं की अंघोळ उरक, कणकवली सोडली की गाडी काढ. तिथून कुडाळ अर्ध्या तासाचं. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक असतं, त्याच्या वेळा वेगळ्या. बुकिंग उन्हाळ्यात झालेलं असेल तर आदल्या दिवशी पुन्हा बघ. आणि थांबण्याचा हिशेब आधीच बोलून ठेव. मी पहिला एक तास फुकट धरायचो, पुढे तासाला ठरलेले पैसे. फोनवर बोलणं झालं की तेच मेसेजमध्ये लिहून पाठवायचं: कुठून, कोणत्या वाडीला, किती रुपये, थांबलो तर किती.

गणपतीत तुला सगळीकडून फोन येतील. दोन भाड्यांमध्ये दोन तास मोकळे ठेव. नाहीतर रात्रभर बसून आलेली माणसं आणि त्यांची लहान मुलं फलाटावर तुझीच वाट बघत असतील, आणि तू मालवणच्या बाजारात गर्दीत अडकलेली असशील.