नापसंत निविदाकारास द्यावयाचे उत्तर

आपल्या समाजातील वसतिगृहे, भोजनालये व धर्मादाय संस्था वर्षाचे धान्य निविदा मागवून घेतात. निविदा कशी काढावी, लखोटे कसे उघडावेत, याविषयी संस्थाचालकांस बहुधा माहिती असते. परंतु ज्यांची निविदा नापसंत झाली त्यांस काय लिहावे, केव्हा लिहावे, याचा विचार क्वचितच होतो. एकास मंजुरीपत्र जाते आणि उरलेल्यांस बाजारातील दलालाकडून बातमी कळते. पुढील वर्षी चाराऐवजी तीन लखोटे येतात, त्यापुढील वर्षी दोन; आणि मग एकच व्यापारी मनास येईल तो दर लावतो. लखोट्यांची संख्या दरसाल घटू लागली, तर बाजारास दोष देण्यापूर्वी आपण गतवर्षी नापसंत निविदाकारांशी कसे वागलो, हे तपासावे.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, १२० विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहास दरमहा २ क्विंटल, म्हणजे वर्षास २४ क्विंटल, फटका तूरडाळ हवी आहे. निविदा जून महिन्यात निघाली. अटी अशा: दर बारा महिने कायम राहील, माल दरमहा गोदामपोच द्यावा, डाळीत तुकडा शेकडा ३ पेक्षा अधिक नसावा, सोबत नमुना व ६,००० रुपये बयाणा द्यावा, दर ३० दिवस बंधनकारक राहील.

चार लखोटे आले. पहिल्या व्यापाऱ्याचा दर क्विंटलला ११,३०० रुपये गोदामपोच. दुसऱ्याचा ११,१५०, परंतु माल दुकानावरून उचलण्याचा. तिसऱ्याचा ११,०५० गोदामपोच, म्हणजे सर्वांत कमी. चौथ्याचा ११,९००.

दुसऱ्याच्या दरात टेंपोभाडे व हमाली मिळविल्याखेरीज तुलना होऊ शकत नाही. २ क्विंटलच्या एका खेपेस ३०० रुपये भाडे धरले, तर क्विंटलमागे १५० पडतात. ५० किलोच्या पोत्यामागे चढाई-उतराई मिळून ३० रुपये धरले, तर क्विंटलची हमाली ६० होते. म्हणजे त्याचा खरा दर ११,३६० झाला. पहिल्यापेक्षा ६० रुपये अधिक. तिसऱ्याच्या नमुन्यातील ५०० ग्रॅम डाळ चाळली असता ३० ग्रॅम तुकडा निघाला. हे प्रमाण शेकडा ६ पडते. अटीप्रमाणे १५ ग्रॅम चालला असता. यास्तव पहिल्याची निविदा मंजूर झाली.

आता तिघांस उत्तरे लिहावयाची. 'आपली निविदा मंजूर करता आली नाही, क्षमस्व' एवढी एक ओळ तिघांस सारखीच पाठविणे सोपे असते. पण त्यातून कोणासच काही कळत नाही. प्रत्येकाचे कारण निराळे आहे, तेव्हा पत्रही निराळे हवे.

सर्वांत अवघड पत्र तिसऱ्याचे. दर कमी असूनही आपणास डावलले, हे त्यास बाजारात कळणारच. आणि खरे कारण ठाऊक नसेल तर तो आप्तसंबंधाचा संशय घेईल. त्यास असे लिहावे:

'आपला दर आलेल्या दरांत सर्वांत कमी होता, याची समितीने नोंद घेतली आहे. परंतु आपल्या नमुन्यात ५०० ग्रॅममागे ३० ग्रॅम तुकडा आढळला. निविदेच्या अटीप्रमाणे मर्यादा १५ ग्रॅमची होती. नमुन्याचा उरलेला भाग मोहोरबंद ठेवला असून, आठ दिवसांच्या आत आपण आल्यास आपल्या समक्ष पुन्हा चाळण्यात येईल. मंजूर दर क्विंटलला ११,३०० रुपये आहे. आपला बयाणा सोबत परत पाठवीत आहोत. पुढील निविदेच्या वेळी आपणास सूचना पाठवू.'

या पत्रात दोष मालाचा सांगितला आहे, माणसाचा नव्हे. तो आकड्याने सांगितला आहे, आणि पडताळून पाहण्याची मुभा दिली आहे. व्यापाऱ्यास आकडा पटतो. 'माल हलका' असे लिहिले असते तर तो दुखावला असता. ३० ग्रॅम वाचून तो आपल्या चाळणीकडे पाहील. ज्याअर्थी पुन्हा चाळण्याचे वचन दिले, त्याअर्थी नमुना खरोखरच जपून ठेवला पाहिजे, व पहिल्याशी करारही त्या आठ दिवसांनंतरच करावा.

दुसऱ्यास वरील बेरीज जशीच्या तशी कळवावी, आणि पुढील वेळी दर गोदामपोच द्यावा असे लिहावे. त्याच्या बयाण्याचा प्रश्न मात्र थोडा वेगळा आहे. पहिल्या व्यापाऱ्याने करारावर सही केली नाही तर दुसऱ्याकडेच जावे लागेल, म्हणून त्याचा बयाणा काही दिवस ठेवणे रास्त आहे. पण हे त्यास तारखेसह सांगितले पाहिजे: 'करार होताच, अथवा आपल्या दराची मुदत संपताच, यांपैकी जे आधी घडेल त्या दिवशी रक्कम परत करू.' केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ यांतील नियम १७० प्रमाणे नापसंत निविदाकारांचा बयाणा, उशिरात उशिरा, कंत्राट दिल्यापासून तिसाव्या दिवसापर्यंत परत करावयाचा असतो. खाजगी संस्थांवर हा नियम बंधनकारक नाही, परंतु त्याहून अधिक विलंब शोभणारा नव्हे. प्रस्तुत लेखकाचा बयाणा एका संस्थेने सात महिने अडकवून ठेवला होता; पुन्हा त्या संस्थेचा लखोटा भरण्याची इच्छा झाली नाही.

चौथ्यास लिहावे की दर मंजूर दरापेक्षा ६०० रुपये अधिक पडला, आणि कारण सांगावयाचे असल्यास समिती ऐकून घेईल. तो आला तर बहुधा असे सांगेल: नवी तूर डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास बाजारात येते, जूनमध्ये दर बांधून घेणाऱ्यास पावसाळ्यातील तेजीचा व पुढील पिकाचा, दोन्ही धोके पत्करावे लागतात, ते ६०० रुपये त्या धोक्याचे आहेत. हे म्हणणे खरे आहे. त्यावरून समितीने पुढील वर्षी तीन-तीन महिन्यांचा दर मागविला, तर दोघांचेही हित आहे.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. तिसऱ्याचे ११,०५० दाखवून पहिल्यास दर उतरविण्यास सांगू नये. एकाचा लखोटा दुसऱ्याची मान वाकविण्यास वापरला जातो, हे एकदा बाजारात पसरले की कोणीही पहिल्या वेळी खरा दर लिहीत नाही. मंजूर दर सर्वांस सांगावा. नापसंत दर ज्याचे त्यासच कळवावेत. दुसरे असे की, ज्याच्याकडून माल घ्यावयाचाच नाही असे ठरले आहे, त्यास 'पुन्हा निविदा भरा' असे लिहू नये. तसेच पुढील वेळी काम देण्याचे आश्वासनही कोणास देऊ नये. सूचना मिळेल, एवढेच वचन द्यावे आणि ते पाळावे.

मंजुरीपत्र ज्या दिवशी जाते, त्याच दिवशी ही तिन्ही पत्रे जावीत. ऑक्टोबरात डाळ कडाडली आणि पहिल्या व्यापाऱ्याने हात वर केले, तर १२० मुलांच्या जेवणासाठी याच तिघांचे दार ठोठवावे लागेल. त्या वेळी ते दार उघडे असावे की बंद, हे जूनमधील त्या पत्रांनी ठरलेले असते.