रक्त कमी, पण लोह जास्त?



आमच्या दवाखान्यात "रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या द्या" हे वाक्य मी रोज ऐकतो. बहुतेक वेळा ते बरोबर असते, पण नेहमीच नाही. ते का, हे या अंकात समजून घेऊ.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण 3 ते 4 ग्रॅम लोह असते. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून रोज जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम लोह आत येते. ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन बैलगाडीसारखे ते रक्तातून अस्थिमज्जेपर्यंत वाहून नेते, कारण तिथे तांबड्या पेशी तयार होतात. उरलेले लोह फेरिटिन नावाच्या कणगीत साठते. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही, म्हणून आतड्याच्या दारावरच राखण ठेवावी लागते. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हा तो राखणदार. कणगी भरली की हेप्सिडिन वाढते आणि दार बंद होते; कणगी रिकामी झाली की ते घटते आणि दार उघडते.

आता दोन मुली डोळ्यांसमोर आणा. दोघींचे हिमोग्लोबिन 8, दोघींच्या तांबड्या पेशी लहान.

पहिलीचे फेरिटिन 6 आहे आणि ट्रान्सफेरिनच्या गाड्या जेमतेम 8 टक्के भरलेल्या आहेत. कणगी रिकामी, दार उघडे. तिला गोळ्या दिल्या की महिन्याभरात हिमोग्लोबिन 1 ते 2 ग्रॅमने वाढते.

दुसरीचे फेरिटिन 800 आहे आणि गाड्या 70 टक्के भरलेल्या आहेत. तिला थॅलेसेमिया आहे. तिची अस्थिमज्जा सदोष पेशी बनवत राहते आणि आणखी लोह हवे असा निरोप यकृताला धाडते. त्यामुळे हेप्सिडिन घटते आणि कणगी ओसंडत असतानाही दार उघडेच राहते. हे लोह यकृतात, हृदयात आणि ग्रंथींत साचून त्यांना इजा करते. तिला लोहाची गोळी देणे म्हणजे दुखण्यात भर घालणे. तिला लोह बाहेर काढणारी औषधे लागतात.

एक सावधगिरी मात्र हवी. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना हेप्सिडिन वाढते, म्हणून गोळीतले लोह नीट आत येत नाही. फेरिटिनही वाढते आणि रिकामी कणगी भरलेली भासते. त्यामुळे तपासणी शक्यतो आजार उतरल्यावर करावी.

म्हणून मी घरच्यांना एवढेच सांगतो: गोळ्या मनाने बंद करू नका. पण महिनाभर नियमित घेऊनही हिमोग्लोबिन हलले नाही, तर नुसता डोस वाढवून घेऊ नका. फेरिटिन आणि हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी तपासणी डॉक्टरांकडे मागा.