उंबरठा वेतन आणि बेरोजगारी भत्ता

हातचे काम सोडून पळत्या कामामागे केव्हा लागावे? या प्रश्नाचे गणित जॉन मॅकॉल या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये मांडले. ज्या पगाराखाली काम नाकारायचे, त्या पगाराला शब्दशः ‘राखीव वेतन’ म्हणता येईल. पण ‘राखीव’ म्हटले की आपल्याला आरक्षण आठवते. म्हणून मी ‘उंबरठा वेतन’ म्हणतो.

भोपाळजवळच्या मंडीदीपमधला एक कल्पित कामगार घेऊ. त्याचे 12,000 रुपयांचे काम सुटले आहे. दरमहा त्याला एक देकार मिळतो: 8, 10, 12, 14 किंवा 16 हजारांचा, प्रत्येकाची शक्यता सारखी. नोकरी सरासरी दहा महिने टिकते.

उंबरठ्यावर दोन्ही पारडी सारखी होतात. एका पारड्यात थांबण्याची किंमत, म्हणजे उंबरठा वेतन वजा भत्ता. दुसऱ्यात थांबण्याचा लाभ, म्हणजे उंबरठ्यावरच्या जादा पगाराची सरासरी गुणिले दहा महिने. भत्ता नसेल तर उत्तर 12,000 येते. जादा पगार 14 ला 2 हजार, 16 ला 4 हजार, पाचांत सरासरी 1,200, दहापट 12,000. पाचांपैकी तीन देकार स्वीकारार्ह, म्हणून शोध सरासरी 1.67 महिने चालतो.

आता 6,000 रुपये भत्ता कायम मिळतो असे धरा. उंबरठा 13,200 होतो. 12 हजारांचे काम आता तो नाकारतो आणि शोध अडीच महिन्यांवर जातो. मात्र मिळणारा सरासरी पगारही 14,000 वरून 15,000 होतो. लांबलेला शोध म्हणजे निव्वळ आळस नव्हे, तो इथे दिसतो.

सगळेच कामगार असे असतील, तर महिन्याला काम सुटणारे आणि काम लागणारे जिथे सारखे होतात, तो नैसर्गिक बेरोजगारी दर. काम सुटण्याची शक्यता 0.1, लागण्याची 0.6, म्हणून दर 0.1 भागिले 0.7, सुमारे 14 टक्के. भत्त्यानंतर लागण्याची शक्यता 0.4 उरते आणि दर 20 टक्के होतो.

या आकड्यावरून भत्त्यालाच दोष देण्याआधी प्रत्यक्ष योजना पाहावी. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 मध्ये सुरू झाली. 2020 मध्ये तिची मदत सरासरी कमाईच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्के केली गेली. पण मर्यादा 90 दिवसांची आणि आयुष्यात एकदाच. आपल्या कामगाराला तीन महिने 6,000 मिळाले, तर त्याचा उंबरठा 13,176 वरून 12,960, मग 12,600 असा उतरत भत्ता संपताच 12,000 वर येतो. पुढच्या वेळी काम सुटले तर भत्ता नाही, म्हणून उंबरठाही मूळचाच. एकेकाचा पहिला शोध लांबतो. नैसर्गिक दर मात्र कालांतराने जवळपास पूर्वीच्याच जागी परततो.

म्हणून विद्यार्थ्यांनी भत्त्याची रक्कम विचारण्याबरोबर तो किती दिवस आणि किती वेळा मिळतो, हेही विचारावे.