टीडीएस कापला, तरी ५५ हजार का भरायचे?

प्रश्न: मी रेल्वेतून निवृत्त झालो, वय ६८, तंजावरला राहतो. पेन्शन महिना ८० हजार. पोस्टातल्या सीनियर सिटिझन योजनेत ३० लाख आहेत आणि दोन बँकांत एफडी, प्रत्येकीचं वर्षाचं व्याज ९० हजार. २०२५-२६ चं रिटर्न भरताना ५५ हजार भरायला सांगितले. पोस्टाने टीडीएस कापलेला असताना हे कुठून आले?

उत्तर: टीडीएस म्हणजे तुमचा पूर्ण कर नव्हे. जो पैसे देतो, तो फक्त आपल्यापुरतं बघतो. पेन्शन देणाऱ्या बँकेने ९ लाख ६० हजारांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरली. उरले ८ लाख ८५ हजार. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत करसवलत असल्याने तिने काहीच कापलं नाही. ज्येष्ठांच्या व्याजावर टीडीएस एका बँकेतलं वर्षाचं व्याज लाखापेक्षा जास्त झालं तरच लागतो, म्हणून एफडीच्या दोन्ही बँका गप्प राहिल्या. पोस्टाने ८.२ टक्क्यांच्या २ लाख ४६ हजार व्याजावर १० टक्के, म्हणजे २४,६०० कापले.

आता सगळं एकत्र करा. ८,८५,००० अधिक पोस्टाचं २,४६,००० अधिक बँकांचं १,८०,००० म्हणजे १३,११,०००. १२ लाखांची रेघ ओलांडली की सवलत जाते आणि कर ४ लाखांच्या पुढच्या सगळ्या रकमेवर मोजला जातो: ७६,६५०, वर ४ टक्के उपकर, एकूण ७९,७१६. त्यातून २४,६०० वजा जाता ५५,११६ उरतात. हिशोब बरोबर आहे.

जुन्या पद्धतीत व्याजावर ५० हजारांची वेगळी वजावट मिळते, पण तुमच्या उत्पन्नाला ती पद्धत महागच पडेल. फॉर्म १२१, म्हणजे पूर्वीचा १५-एच, देऊ नका. एकूण उत्पन्नावर कर शून्य असेल त्यांच्यासाठीच तो असतो, तुमच्या बाबतीत ते खोटं निवेदन ठरेल.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्येच पेन्शनच्या बँकेला व्याजाचा अंदाज आणि पोस्टाचा टीडीएस लेखी कळवा. तेवढा कर ती दरमहा कापू शकते. तुमच्या आकड्यांत साधारण ४,६०० रुपये. नको असेल तर तेवढेच बाजूला ठेवत जा. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या साठीपुढच्या निवासी नागरिकाला अग्रिम कर भरावा लागत नाही, त्यामुळे रिटर्नची मुदत संपण्याआधी एकदम भरलेत तरी व्याज लागत नाही. रिटर्न भरण्याआधी आयकराच्या संकेतस्थळावरचं AIS उघडा आणि बँकेच्या व्याजाच्या दाखल्याशी ताडून पाहा. संचयी एफडीचं व्याज हातात मुदतीअखेर येत असलं, तरी बँक ते दरवर्षी तुमच्या नावावर दाखवते, आणि तिथेच बरेच जण फसतात.

पत्नीच्या नावावर एफडी करून सुटका होईल, असं कोणी सांगेल. पैसे तुमचे असतील तर ते व्याज तुमच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. तिचा स्वतःचा पैसा असेल, तरच ती एफडी तिची धरली जाईल.